एक्स-रेवाल्याला शिशाचा एप्रन लागतो, मग पेट स्कॅनवाला एप्रनशिवाय का फिरतो?

समजा, घरातल्या कुणाला घेऊन तुम्ही एका मोठ्या हॉस्पिटलात गेलाय. आधी एक्स-रे काढायचाय. पेशंटला धरून उभं राहायचं म्हणून तुमच्या अंगावर तो जाडजूड शिशाचा एप्रन चढवला जातो. चार-पाच किलोचं वजन खांद्यावर आलं की माणसाला आपोआप सुरक्षित वाटायला लागतं.

मग त्याच हॉस्पिटलात पेट स्कॅनच्या विभागात जाता. दारावर तोच किरणोत्साराचा तीन पात्यांच्या पंख्यासारखा शिक्का. पण इथला टेक्निशियन साध्या कपड्यांत. पेशंटला इंजेक्शन देतो आणि झपझप पावलं टाकत बाहेर पडतो. एप्रन नाही, काही नाही.

पुढे रेडिएशनच्या, म्हणजे कॅन्सरवर किरणांचे उपचार करतात त्या खोलीपाशी जाता. तिथे तर शिसं फारसं दिसतच नाही. दिसते ती किल्ल्याच्या तटासारखी काँक्रीटची भिंत. पेशंट एकटा आत आणि बाकी सगळे बाहेर.

किरण तिन्हीकडे एकाच जातीचे आहेत. एक्स-रे काय आणि गॅमा किरण काय, दोन्ही प्रकाशाचेच भाऊबंद. मग एका ठिकाणी अर्धा मिलिमीटर शिसं पुरतं, दुसरीकडे ते अंगावर घालायचीसुद्धा तसदी घेत नाहीत आणि तिसरीकडे मीटर-दीड मीटर काँक्रीट ओततात, असं का?

यात कुणाचा हलगर्जीपणा नाही. किरण पदार्थात शिरल्यावर त्याचं काय होतं, याचे मुख्य तीन मार्ग आहेत. कुठला मार्ग चालणार हे दोन गोष्टींवर ठरतं. एक, किरणाची ऊर्जा किती आणि दोन, समोरच्या पदार्थाचा अणुक्रमांक किती.

आधी एक जुनं कोडं

लहानपणी सगळ्यांना विचारलेला प्रश्न आठवा. एक किलो लोखंड जड की एक किलो कापूस?

तोच प्रश्न थोडा बदलून विचारू. किरण अडवायला एक किलो शिसं भारी की एक किलो पाणी?

उत्तर सोपं वाटतं, शिसंच. पण खरं उत्तर आहे, किरण कुठला ते आधी सांगा.

किरणाची ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये मोजतात. हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे एक केईव्ही आणि हजार केईव्ही म्हणजे एक एमईव्ही. आपल्याला एवढंच पुरे. साध्या एक्स-रे मशीनमधून निघणारे फोटॉन, म्हणजे किरणांचे सुटे कण, काही दहा केईव्हीपासून शंभर-सव्वाशे केईव्हीपर्यंतचे असतात. पेट स्कॅनचे फोटॉन बरोबर ५११ केईव्हीचे. कॅन्सरच्या उपचारात वापरतात त्या कोबाल्ट-६० मधून ११७० आणि १३३० केईव्हीचे, म्हणजे सरासरी सव्वा एमईव्हीचे फोटॉन निघतात.

आता आकडे बघा. १०० केईव्हीच्या फोटॉनला अडवण्यात एक ग्रॅम शिसं एक ग्रॅम पाण्यापेक्षा सुमारे ३२ पट भारी आहे. ५११ केईव्हीला हीच आघाडी दीड पटीच्या थोडी वर उरते. आणि १ एमईव्हीला? शिसं आणि पाणी जवळजवळ बरोबरीत.

शिशाची ३२ पट ताकद गेली कुठे? ते समजायला तिन्ही मार्ग एकेक करून बघू.

पहिला मार्ग : फोटॉन अख्खा गिळला जातो

याला म्हणतात फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट, मराठी पुस्तकांत प्रकाशविद्युत परिणाम. १९०५ साली आइन्स्टाइननं याचं स्पष्टीकरण दिलं आणि पुढे त्याला १९२१ सालचं जे नोबेल मिळालं त्यात नाव याच कामाचं होतं.

होतं असं की, फोटॉन अणूवर येऊन आदळतो आणि अणूतला एक इलेक्ट्रॉन त्याची सगळीच्या सगळी ऊर्जा घेऊन बाहेर उडतो. फोटॉन संपला. मागे काही उरत नाही. किरण अडवायचे असतील तर यापेक्षा चांगली गोष्ट नाही.

पण यात एक अट आहे. मोकळा, कुणाशी बांधलेला नसलेला इलेक्ट्रॉन फोटॉनला असा अख्खा गिळू शकत नाही. ऊर्जेचा हिशोब जुळला तर संवेगाचा, म्हणजे धक्क्याचा, हिशोब जुळत नाही. तो उरलेला धक्का घ्यायला मागे जड अणुकेंद्र लागतं. म्हणून हा प्रकार मुख्यतः अणूच्या आतल्या कक्षेतल्या, केंद्रानं घट्ट धरून ठेवलेल्या इलेक्ट्रॉनबाबत होतो.

केंद्राची पकड जितकी घट्ट, तितकी गिळण्याची शक्यता जास्त. आणि पकड घट्ट कधी असते? केंद्रात प्रोटॉन जास्त असले की. प्रोटॉनची ती संख्या म्हणजेच अणुक्रमांक. कार्बनचा ६, कॅल्शियमचा २०, शिशाचा ८२.

ढोबळ हिशोब असा की, एक ग्रॅम पदार्थात फोटॉन गिळला जाण्याची शक्यता अणुक्रमांकाच्या घनानं वाढते आणि ऊर्जेच्या घनानं कमी होते. म्हणजे अणुक्रमांक दुप्पट केला तर शक्यता आठपट. ऊर्जा दुप्पट केली तर शक्यता आठव्या हिश्शावर.

तुमच्या एक्स-रे फिल्मवर हाड पांढरं का दिसतं, याचं उत्तर इथेच आहे. मांस म्हणजे बहुतेक पाणी, कार्बन, नायट्रोजन. त्याचा सरासरी अणुक्रमांक साडेसातच्या आसपास धरतात. हाडात कॅल्शियम आणि फॉस्फरस असल्यामुळे त्याचा तेरा-चौदा. फरक दुपटीपेक्षा थोडा कमी, पण त्याचा घन केला की सहापट होतो. ३० केईव्हीचे १०० फोटॉन एक सेंटिमीटर मांसातून पाठवले तर ६७ पलीकडे पोचतात. तितक्याच हाडातून पाठवले तर जेमतेम ८. जिथे कमी पोचले ती जागा फिल्मवर पांढरी राहते. पोटाच्या एक्स-रेआधी बेरियम पाजतात तेही याचसाठी. बेरियमचा अणुक्रमांक ५६ आहे.

दुसरा मार्ग : कॅरमचा स्ट्रायकर

ऊर्जा वाढवत नेली की गिळण्याची शक्यता घनानं कोसळते आणि दुसरा प्रकार पुढे येतो. १९२३ साली आर्थर कॉम्प्टन यांनी तो समजावून सांगितला, म्हणून त्याचं नाव कॉम्प्टन स्कॅटरिंग. १९२७ चं नोबेल त्यांना याबद्दलच मिळालं.

कॅरमबोर्ड डोळ्यांसमोर आणा. स्ट्रायकर सोंगटीला घासून जातो. सोंगटी एका बाजूला, स्ट्रायकर दुसऱ्या बाजूला. स्ट्रायकरचा वेग थोडा कमी होतो, पण तो बोर्डावरच असतो. कॉम्प्टनमध्ये फोटॉन स्ट्रायकर आहे आणि इलेक्ट्रॉन सोंगटी. फोटॉन आपली थोडी ऊर्जा इलेक्ट्रॉनला देतो, दिशा बदलतो आणि पुढे निघून जातो.

म्हणजे इथे फोटॉन संपत नाही, भरकटतो. १०० केईव्हीचा फोटॉन काटकोनात वळला तर त्याच्याकडे ८४ केईव्ही शिल्लक राहतात. ५११ केईव्हीचा काटकोनात वळला तर बरोबर निम्मे. ऊर्जा जास्त असेल तर धडकेत गमावलेला वाटाही जास्त असतो.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. इतक्या जोरात आलेल्या फोटॉनला बाहेरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन केंद्रानं धरलाय की मोकळा आहे यानं फारसा फरक पडत नाही. त्याच्यासाठी सगळे इलेक्ट्रॉन सारखेच. त्यामुळे इथे अणुक्रमांकाची पत चालत नाही. फक्त इलेक्ट्रॉन किती आहेत ते मोजायचं.

आणि एका ग्रॅममध्ये इलेक्ट्रॉन किती असतात? हायड्रोजन सोडला तर जवळपास सगळ्या पदार्थांत सारखेच. उलट शिशात जरा कमीच, कारण जड अणूंच्या केंद्रात न्यूट्रॉनची भर जास्त असते आणि त्यांच्यामुळे वजन वाढतं, इलेक्ट्रॉन वाढत नाहीत.

कोड्याचं उत्तर इथे आलं. १ एमईव्हीला पाण्यात जवळजवळ सगळा कारभार कॉम्प्टनचा असतो. शिशातही दहापैकी सात वेळा कॉम्प्टनच होतो. कॉम्प्टनच्या राज्यात शिसं असो की पाणी, वजन तेवढं मोजलं जातं.

यावरून कुणाला वाटेल की शिसं उपयोगाचंच नाही. तसं नाही. शिसं पाण्याच्या सव्वाअकरा पट घन आहे, म्हणजे तेवढंच वजन कमी जागेत मावतं. जागा वाचवायची असेल तिथे शिसं हवंच. पण ती जादू नव्हे, निव्वळ वजन आहे.

एप्रनचा हिशोब करून बघू

अर्धा मिलिमीटर शिशाच्या एप्रनमध्ये दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५७ ग्रॅम शिसं असतं. तेवढ्याच वजनाचं पाणी घेतलं तर ५.७ मिलिमीटरचा थर होईल. आता दोघांवर १००-१०० फोटॉन सोडू आणि सरळ पार किती जातात ते बघू.

१०० केईव्हीचे फोटॉन : शिशातून ४ पार, पाण्यातून ९१.

५११ केईव्हीचे फोटॉन : शिशातून सुमारे ९२, पाण्यातून ९५.

कोबाल्टचे सव्वा एमईव्हीचे फोटॉन : शिशातून ९७, पाण्यातूनही ९७.

एक्स-रेच्या खोलीत जो एप्रन ९६ फोटॉन थांबवत होता, तोच पेट स्कॅनच्या विभागात फक्त आठ थांबवतो. कोबाल्टसमोर त्याची किंमत पाण्यानं भिजलेल्या गोधडीएवढी.

मग पेटसाठी जाड एप्रन शिवायचा का? ५११ केईव्हीचे निम्मे फोटॉन अडवायलाच चार-पाच मिलिमीटर शिसं लागतं, म्हणजे नेहमीच्या एप्रनच्या आठ-दहा पट. असा एप्रन सिमेंटच्या गोणीच्या जवळपास जाईल. तो घालून माणूस हळू चालणार, हळू वाकणार, इंजेक्शनलाही वेळ लावणार. पेशंटजवळ जितका जास्त वेळ, तितका जास्त डोस. नेहमीचा पाच किलोचा एप्रन घातला तरी थोड्या प्रमाणात हेच. आठ टक्के वाचवायचे आणि हालचाल मंदावल्यानं तेवढे किंवा त्याहून जास्त गमवायचे.

म्हणून तो टेक्निशियन झपझप चालतो. त्याचं संरक्षण वेगात आणि अंतरात आहे. अंतर दुप्पट केलं की किरण चौथ्या हिश्शावर येतात, ऊर्जा काहीही असो. बाकी जाड शिसं आणि टंगस्टन वापरतात, पण ते इंजेक्शनच्या सिरिंजभोवती, औषधाच्या बाटलीभोवती आणि टेबलावरच्या आडोशात. छोट्या वस्तूभोवती जाड थर परवडतो, माणसाभोवती नाही.

एप्रनचीही एक दुखरी जागा आहे

आता एक्स-रेच्या खोलीत परत येऊ, कारण तिथेही सगळं सरळ नाही.

ऊर्जा वाढली की गिळण्याची शक्यता कमी होते, असं आपण म्हटलं. पण शिशाच्या बाबतीत ८८ केईव्हीला उलटा प्रकार घडतो. शिशाच्या सगळ्यात आतल्या कक्षेतले दोन इलेक्ट्रॉन इतके घट्ट धरलेले आहेत की त्यांना सोडवायला ८८ केईव्ही लागतात. फोटॉनकडे ८७ असतील तर ते दोघं जागचे हलत नाहीत आणि गिळायचं काम फक्त बाहेरच्या कक्षांतल्या इलेक्ट्रॉनवर येतं. ८८ ओलांडले की हे दोघंही कामाला लागतात आणि शिशाची ताकद एकदम चौपट होते. या उडीला के-एज म्हणतात.

याचा परिणाम गमतीशीर आहे. आपल्या अर्धा मिलिमीटर एप्रनमधून १०० केईव्हीचे ४ टक्के फोटॉन पार होतात, पण त्याहून कमजोर अशा ८० केईव्हीचे तब्बल २५ टक्के.

आणि वर बघितलंच की १०० केईव्हीचा फोटॉन पेशंटच्या अंगात काटकोनात वळला की ८४ केईव्हीचा होतो. डॉक्टर आणि टेक्निशियन मुख्य झोतात उभे नसतात. त्यांच्यावर येतात ते पेशंटच्या अंगावरून असे वळलेलेच फोटॉन. म्हणजे झोतातले सगळ्यात जोरकस फोटॉन वळून नेमके शिशाच्या दुखऱ्या पट्ट्यात येतात.

घाबरायचं कारण नाही. मशीनवर १०० किलोव्होल्ट लावले तरी सगळे फोटॉन १०० केईव्हीचे नसतात, ती वरची मर्यादा असते. बरेचसे त्याच्या निम्म्याच्या आसपासचे असतात आणि ५०-६० केईव्हीला शिसं पुन्हा उत्तम काम करतं. तरीही हल्ली शिशाऐवजी कथील, अँटिमनी, टंगस्टन, बिस्मथ यांची मिश्रणं वापरून एप्रन बनवतात, त्यामागे वजन कमी करण्याबरोबर हेही एक कारण आहे. टंगस्टनची उडी साडेएकोणसत्तर केईव्हीला येते. शिसं जिथे ढिलं पडतं तिथे टंगस्टन जागा भरून काढतो.

तिसरा मार्ग : ऊर्जेतून वस्तू

ऊर्जा आणखी वाढवली की एक अजबच गोष्ट शक्य होते. फोटॉन अणुकेंद्राच्या जवळून जाताना नाहीसा होतो आणि त्याच्या जागी दोन कण जन्मतात. एक इलेक्ट्रॉन आणि एक पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धन भार असलेला जुळा भाऊ. याला पेअर प्रॉडक्शन किंवा युग्मनिर्मिती म्हणतात. पॉझिट्रॉन पहिल्यांदा सापडला १९३२ साली, कार्ल अँडरसन यांना, आकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांचे फोटो घेताना.

दोन कण बनवायचे तर दोघांच्या वस्तुमानाइतकी ऊर्जा मोजावी लागते. एका इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाची किंमत ५११ केईव्ही. दोघांची १०२२. त्याच्या खाली हे दुकान बंदच.

५११ हा आकडा ओळखीचा वाटला ना? पेट स्कॅनमध्ये हीच गोष्ट उलट दिशेनं होते. पेशंटला टोचलेल्या औषधातून पॉझिट्रॉन निघतो, शरीरातल्या एखाद्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघं नष्ट होतात आणि त्यांच्या वस्तुमानाचे ५११-५११ केईव्हीचे दोन फोटॉन विरुद्ध दिशांना निघतात. पेटच्या किरणांची ऊर्जा कुठल्या मशीनवर ठरवलेली नसते. ती इलेक्ट्रॉनच्या वजनानंच ठरलेली आहे.

युग्मनिर्मितीतही धक्का घ्यायला केंद्र लागतं आणि केंद्राचं विद्युतक्षेत्र जितकं जोरकस तितकी शक्यता जास्त. म्हणून इथे अणुक्रमांकाचं वजन पुन्हा वाढतं, पण फोटोइलेक्ट्रिकइतकं नाही. ग्रॅममागे हिशोब केला तर साधारण अणुक्रमांकाच्या प्रमाणात.

दुकान १.०२२ एमईव्हीला उघडतं खरं, पण सुरुवातीला गिऱ्हाईक नसतं. शिशात हा प्रकार कॉम्प्टनच्या पुढे जायला ५ एमईव्ही लागतात. पाण्यात किंवा मांसात तर २५ एमईव्हीच्या आसपास.

यातून आणखी एक उलटी गोष्ट निघते. आपल्याला वाटतं, किरण जितका जोरकस तितका जास्त आरपार जाणार. शिशात हे ३-४ एमईव्हीपर्यंतच खरं आहे. त्यापुढे युग्मनिर्मिती वाढायला लागते आणि शिसं पुन्हा जास्त अडवायला लागतं. १० एमईव्हीचा फोटॉन शिशात ३ एमईव्हीच्या फोटॉनपेक्षा आधी अडतो. ग्रॅमला ग्रॅम हिशोबात शिसं इथे पुन्हा पाण्याच्या सव्वादोन पट पुढे जातं.

या टोकाशी मुंबईचं एक नावही जोडलेलं आहे. १९३७ साली होमी भाभा आणि वाल्टर हाइटलर यांनी दाखवलं की, खूप मोठ्या ऊर्जेचा फोटॉन किंवा इलेक्ट्रॉन वातावरणात शिरला तर कणांचा वर्षाव कसा तयार होतो. फोटॉनमधून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी, त्या जोडीतले कण केंद्रांजवळून जाताना नवे फोटॉन सोडतात, त्या फोटॉनमधून पुन्हा जोड्या, अशी साखळी चालते. ऊर्जा वाटली जाऊन कमी झाली की साखळी थांबते.

मग काँक्रीट का?

आता तिसऱ्या खोलीकडे, जिथे कोबाल्टचं मशीन आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं विकसित केलेलं भाभाट्रॉन हे असंच कोबाल्ट-६० चं मशीन.

सव्वा एमईव्हीचे फोटॉन म्हणजे कॉम्प्टनच्या राज्याचा मधला भाग. इथे फक्त वजन मोजायचं, हे आपण बघितलं. कोबाल्टचे किरण दहाव्या हिश्शावर आणायला शिशाचा सुमारे ४ सेंटिमीटर थर लागतो आणि काँक्रीटचा सुमारे २१ सेंटिमीटर. जाडीत पाचपट फरक दिसतो. पण वजन काढा. दर चौरस सेंटिमीटरला शिसं ४५ ग्रॅम, काँक्रीट ४९ ग्रॅम. जवळपास सारखंच.

वजनच विकत घ्यायचं असेल तर ते स्वस्तातलं घ्या. शिशाची खोली बांधण्यापेक्षा काँक्रीटची भिंत बांधा. ती स्वतःच्या पायावर उभी राहते, छतही तोलते. किरण लाखातला एक उरेपर्यंत कमी करायचे तर असे पाच थर, म्हणजे एक मीटरच्या थोडं वर. त्याहून जोरकस किरण देणाऱ्या लिनॅक मशीनसाठी भिंत आणखी जाड. आणि जिथे १० एमईव्हीच्या वरचे फोटॉन असतात तिथे आणखी एक अडचण येते. ते केंद्रातून न्यूट्रॉन उडवायला लागतात. न्यूट्रॉनला शिसं फारसं जुमानत नाही, उलट शिशातूनच ते सुटतात. काँक्रीटमध्ये पाण्याचा अंश, म्हणजे हायड्रोजन असतो आणि न्यूट्रॉनला मंद करायला हायड्रोजनसारखं दुसरं काही नाही.

उपचारासाठी हीच ऊर्जा का निवडली, याचं उत्तरही तिन्ही मार्गांत आहे. समजा गाठ हाडामागे आहे. एक्स-रेच्या ऊर्जेचे किरण सोडले तर हाडच बरेचसे गिळून टाकेल आणि डोस हाडाला जास्त बसेल. १ एमईव्हीला मात्र एक सेंटिमीटर मांसातून १०० पैकी ९३ फोटॉन जातात आणि तितक्याच हाडातून ८८. फरक जवळजवळ मिटला. याचा तोटा असा की, उपचाराच्याच किरणांनी फोटो काढला तर त्यात हाडं धूसर दिसतात. पेशंट बरोबर जागेवर आहे का हे बघायला म्हणून आजकालच्या बऱ्याच मशीनवर बाजूला वेगळी साधी एक्स-रे नळी बसवलेली असते. बघायला फोटोइलेक्ट्रिक आणि उपचाराला कॉम्प्टन, अशी वाटणी.

थोडक्यात लक्षात काय ठेवायचं?

मांस किंवा पाणी : सुमारे २५-३० केईव्हीच्या खाली फोटोइलेक्ट्रिक. तिथून २५ एमईव्हीपर्यंत कॉम्प्टन. त्यापुढे युग्मनिर्मिती.

हाड : सुमारे ५० केईव्हीच्या खाली फोटोइलेक्ट्रिक. तिथून पंधरा-वीस एमईव्हीपर्यंत कॉम्प्टन. त्यापुढे युग्मनिर्मिती.

शिसं : सुमारे साडेपाचशे केईव्हीच्या खाली फोटोइलेक्ट्रिक. तिथून ५ एमईव्हीपर्यंत कॉम्प्टन. त्यापुढे युग्मनिर्मिती.

या सीमा म्हणजे कुंपण नव्हे. एका बाजूचा प्रकार संपून दुसरा लगेच सुरू होत नाही. सीमेवर दोघांचा वाटा समसमान असतो आणि पुढे हळूहळू एकाचा वाढत जातो. पण दिशा स्पष्ट आहे. अणुक्रमांक वाढला की कॉम्प्टनचा पट्टा दोन्ही बाजूंनी आक्रसतो. मांसात तो अवाढव्य आहे, शिशात छोटा.

आता ते तिन्ही दरवाजे पुन्हा आठवा. एक्स-रेच्या खोलीत शिसं फोटोइलेक्ट्रिकच्या राज्यात आहे, म्हणून अर्धा मिलिमीटर पुरतं. पेटचे ५११ केईव्ही शिशासाठी अगदी वेशीवर येतात, म्हणून शिसं चालतं पण जाड लागतं आणि अंगावर पेलवत नाही. कोबाल्टला शिसं वेशीबाहेर, म्हणून वजनाचा बाजार आणि काँक्रीटची भिंत.

तेव्हा पुढच्या वेळी एक्स-रेच्या खोलीत कुणी एप्रन दिला तर मुकाट्यानं घाला, तिथे तो खरोखर वाचवतो. आणि पेट स्कॅन करून आलेल्या माणसाजवळ पहिले काही तास लहान मुलांना आणि गरोदर बाईला फार वेळ बसू देऊ नका असं हॉस्पिटलनं सांगितलं, तर त्यावर एप्रनचा उपाय शोधू नका. तिथे चार पावलं लांब बसणं हेच जास्त उपयोगाचं.